काकांच्या टपरीचं चित्र काढण्याआधी

काकांनी मुद्रा कर्जाच्या अर्जासोबत बँकेत द्यायला सुधारलेल्या टपरीचं रेंडर, म्हणजे संगणकावर काढलेलं चित्र, मागितलंय ना? त्यांना नाही म्हणू नकोस, पण आधी मेजपट्टी घेऊन टपरीवर जा. लांबी, खोली, ओट्याची उंची मोजून वहीत लिही. मग समोरून, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, एक फोटो काढ. रेंडरचा कॅमेरा त्याच जागी ठेव.

नवीन मुलं इथेच चुकतात: रुंद लेन्स लावतात आणि चार फुटांची टपरी सात फुटांची दिसते. मीही परळच्या एका टपरीला असंच केलं होतं. बँकेचे साहेब पाहणीला आले, कागद हातात धरून टपरीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ही दुसरी शाखा का?" त्या टपरीवाल्याचा चेहरा उतरला. अजून आठवतं.

म्हणून दोन गोष्टी पाळ:

- कोटेशनमध्ये आहे तेवढंच दाखव. स्टीलचा ओटा आणि नवीन पत्रा घ्यायचा असेल तर तेवढंच. फुटपाथ, शेजारची वडापावची गाडी, विजेचा खांब पुसू नकोस.
- चित्रावरच ठळक लिही: 'प्रस्तावित, कर्ज मिळाल्यानंतर'. शेजारी आजचा फोटो लाव.

मुद्राच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंतच कर्ज मिळतं, तेव्हा संगमरवर रंगवू नकोस. उजेड, सावल्या नंतर शिकवतो.