बाकला आणि जी६पीडीची कमतरता

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाला जी६पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची कमतरता आहे. डॉक्टर म्हणाले बाकला अजिबात नको. एवढ्याशा शेंगेने रक्तपेशी फुटतात त्या कशा? आणि मग वाल-पावटेही बंद करायचे का?

उत्तर : बाकल्याच्या, म्हणजे फावा बीनच्या, दाण्यात व्हायसीन आणि कॉनव्हायसीन ही दोन द्रव्यं असतात. त्यांना साखरेचा एक रेणू चिकटलेला असतो, आणि तोवर ती निरुपद्रवी असतात. दाण्यातल्या व आतड्यातल्या एन्झाइमांनी ती साखर सुटली की डिव्हिसीन आणि आयसोयुरामिल उरतात. खरी गडबड यांची. रक्तात गेल्यावर ती ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. तांबड्या पेशीतलं ग्लुटाथायोन हे पेरॉक्साइड निकामी करतं, पण त्यात स्वतः खर्ची पडतं. त्याला पुन्हा कामाला लावायला एनएडीपीएच हे मदतनीस द्रव्य लागतं. इतर पेशींकडे ते बनवायचे आणखी मार्ग असतात. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसल्यामुळे एनएडीपीएचसाठी तिची सगळी भिस्त जी६पीडीवर. तेच अपुरं असेल तर ग्लुटाथायोन संपतं, हिमोग्लोबिन बिघडून त्याच्या गुठळ्या पेशीच्या आतल्या कडेला चिकटतात. या हाइन्झ बॉडीज. प्लीहा तेवढा भाग ओरबाडून काढते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी चावा घेतल्यासारख्या दिसतात. काही पेशी रक्तवाहिनीतच फुटतात आणि सुटं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं.

हे लगेच होत नाही, आणि फसगत इथेच होते. समजा मुलाने शनिवारी रात्री बाकला खाल्ला. रविवार बहुधा ठीक जातो. सोमवारी तो मलूल, चिडचिडा, पोट दुखतंय म्हणतो, ओठ फिके पडतात, डोळे पिवळसर होतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद येते. घरच्यांना कावीळ वाटते. अशी लघवी दिसली की त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि काय खाल्लं ते सांगा. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं तर सहसा रक्त द्यावं लागतं. लघवी गडदच राहिली तर ९ च्या खालीही देतात.

झटक्याच्या दिवसांत जी६पीडीची तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. एन्झाइम सर्वांत कमी असलेल्या जुन्या पेशी आधीच फुटलेल्या असतात, आणि उरलेल्या कोवळ्या पेशींत ते जास्त असतं. म्हणून अहवाल 'नॉर्मल' आला तरी साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्या.

शिजवून धोका टळत नाही, फार तर थोडा कमी होतो. कोवळा कच्चा दाणा सर्वांत वाईट. गेल्या वेळी काही झालं नाही, यावरही विसंबू नका. त्याच मुलाला पुढच्या वेळी त्रास होऊ शकतो.

वाल आणि पावटे वेगळ्या वनस्पतीचे, बाकल्याचे नव्हेत. ते बंद करू नका. परदेशात मात्र 'फूल' नावाची अरबी उसळ आणि इजिप्शियन पद्धतीचं फलाफल बाकल्याचंच असतं, तेवढं विचारून घ्या.