ब्रुटो 5,000, नेटो 3,125: जर्मन पगारपत्रक कसे वाचावे

«म्युनिकमधून वर्षाला 60,000 युरो ब्रुटोची ऑफर आली आहे. हातात किती येतील आणि पगारातून काय काय कापले जाते? पत्नी पहिले वर्षभर पुण्यातच राहणार आहे.»

भारतातल्या सीटीसीचा हिशेब इथे लावू नका. आपल्याकडे मालकाने भरायचा पीएफसुद्धा त्या आकड्यात धरलेला असतो. जर्मनीत करारातला ब्रुटो म्हणजे कपातीआधीचा फक्त तुमचा पगार, आणि मालकाचा विम्यातला वाटा त्याच्यावर वेगळा भरला जातो. करारात बारा पगार असतील तर महिन्याचा ब्रुटो 5,000 युरो होतो. तेरावा पगार असेल तर भागाकार तेराने करावा लागतो आणि महिन्याचा आकडा कमी दिसतो, म्हणून आधी तेवढे पाहून घ्या.

पगारपत्रकात विम्याच्या चार ओळी असतात: KV म्हणजे आरोग्यविमा, PV म्हणजे म्हातारपणातील किंवा आजारपणातील शुश्रूषेचा विमा, RV म्हणजे निवृत्तिवेतन आणि AV म्हणजे बेकारी विमा. 2025 च्या दरांनी तुमचा वाटा असा निघतो: RV 9.3 टक्के म्हणजे 465 युरो, AV 1.3 टक्के म्हणजे 65 युरो. KV चा मूळ दर 7.3 टक्के असून त्यावर तुमच्या विमासंस्थेच्या अतिरिक्त दराचा निम्मा भाग येतो. तो अतिरिक्त दर 2025 च्या सरासरीइतका, म्हणजे 2.5 टक्के धरला, तर 427.50 युरो होतात. PV मूल नसलेल्यांना 2.4 टक्के, म्हणजे 120 युरो. मूल असेल तर हा दर 1.8 टक्के होतो, म्हणून भारतात झालेल्या मुलाचाही जन्मदाखला कंपनीला द्यायला विसरू नका. महिन्याला 30 युरो वाचतात. चारही ओळी मिळून 1,077.50 युरो जातात.

विम्याची ही टक्केवारी सरळ असते. लोनश्टॉयर, म्हणजे पगारावरचा प्राप्तिकर, मात्र श्टॉयरक्लास या करवर्गावर अवलंबून असतो आणि माझ्या मते पगारपत्रकात सगळ्यात आधी पाहण्याची जागा तीच आहे. वर्गाचा आकडा वरच्या भागात StKl असा छापलेला असतो. तुम्ही विवाहित असलात तरी पत्नी पुण्यात असेपर्यंत तुम्हाला पहिलाच वर्ग लागतो, कारण कमी कराच्या तिसऱ्या वर्गासाठी जोडीदाराचे वास्तव्य जर्मनीत, किंवा काही अटींवर युरोपीय संघासारख्या ठरावीक देशांत, असावे लागते. 2025 च्या दरांनी पहिल्या वर्गात 5,000 युरोंवर सुमारे 797 युरो कर जातो आणि हातात साधारण 3,125 युरो येतात. एकात्मता अधिभार, म्हणजे ‘झोली’, या पगारावर लागत नाही. ती ओळ रिकामी किंवा शून्य दिसेल.

चर्च-कराची ओळ बहुतेक हिंदू वाचकांच्या पत्रकात रिकामी असते. पण पत्त्याची नोंदणी करताना धर्म विचारतात, आणि वसईच्या माझ्या एका सहकाऱ्याने तिथे सहज ‘कॅथलिक’ लिहिले. त्याच्या पत्रकावर rk ही दोन अक्षरे उमटली आणि दर महिन्याला कर जाऊ लागला. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, हा कर लोनश्टॉयरच्या 8 टक्के असतो, म्हणजे तुमच्या उदाहरणात जवळपास 64 युरो.

माझ्या पहिल्या पगाराची गोष्ट सांगतो, कारण नव्याने येणाऱ्या अनेकांच्या बाबतीत हेच घडते. माझी अकरा आकडी करओळख, म्हणजे श्टॉयर-आयडी, टपालाने येण्याआधीच कंपनीने पगार काढला. तो क्रमांक नसल्याने मला सहावा वर्ग लागला, ज्यात मूळ करमुक्त रकमेचा फायदा मिळत नाही. तुमच्या पगारावर त्या वर्गात कर 1,300 युरोंच्या वर जाईल, म्हणजे हातात पाचशे-एक युरो कमी येतील. मला वाटले, माझेच गणित चुकले. शेवटी StKl पुढचा 6 दिसला, मी क्रमांक कळवला आणि पुढच्या महिन्याच्या पत्रकात मागील महिन्याची दुरुस्ती होऊन फरक परत आला. म्हणून पोहोचताच पत्त्याची नोंदणी उरका, पत्रपेटीवर स्वतःचे आडनाव चिकटवा, नाहीतर ते पत्र परत जाते, आणि क्रमांक मिळाल्याच्या दिवशीच कंपनीला पाठवा.

पत्रकात ‘नेटो’ आणि ‘आउसत्सालुंग्सबेट्राग’ हे दोन आकडे वेगळे दिसू शकतात. दुसरा म्हणजे बँकेत प्रत्यक्ष जमा होणारी रक्कम. कंपनीच्या प्रवासपासाचा तुमचा वाटा यांसारखी वजावट नेटोनंतर होते. महिन्याच्या मध्यात रुजू झालात तर पहिला पगार दिवसांच्या हिशेबाने येईल, तेव्हा त्या पत्रकाची वरच्या आकड्यांशी तुलना करू नका. दुसऱ्या महिन्याचे पत्रक घेऊन बसा.

पत्नी आली की तिच्या पत्त्याची आणि तुमच्या विवाहाची नोंद करून करवर्ग बदलून घ्या. तिला पगार नसेल तर तुम्हाला तिसरा आणि तिला पाचवा वर्ग मिळण्यासाठी फिनान्सआम्टकडे, म्हणजे कर कार्यालयाकडे, दोघांचा अर्ज लागतो.