रुंद कपाळ आणि निमुळती हनुवटी असेल तर टिकली केवढी आणि कोणत्या आकाराची लावावी?

प्रश्न: माझं कपाळ रुंद आहे आणि हनुवटी निमुळती. बारीक टिकली लावली तर ती हरवून जाते, मोठी लावली तर सगळ्यांचं लक्ष कपाळाकडेच जातं. चंद्रकोर तर मला अजिबात शोभत नाही असं घरचे म्हणतात. महालक्ष्म्यांना नऊवारी नेसणार आहे. काय लावू?

उत्तर:

ताई, मी नागपुरात महाल भागात नवऱ्या सजवते, त्यामुळे रोज कुणाच्या ना कुणाच्या कपाळाशी माझी गाठ असते. चंद्रकोरीबद्दल घरच्यांचं ऐकून एवढ्यात ती बाजूला ठेवू नका. तिच्याकडे शेवटी येते. आधी टिकलीचं माप कसं काढायचं ते सांगते, कारण ते एकदा कळलं की बाकीचं सोपं जातं.

पहिली गोष्ट, ‘कपाळ मोठं’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक कपाळ आडवं मोठं असतं, म्हणजे या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत रुंद. दुसरं उभं मोठं असतं, म्हणजे भुवयांपासून केसांपर्यंत उंच. दोघांना लागणारी टिकली जवळजवळ उलटी आहे, म्हणून शिवणकामाचा टेप घेऊन आधी मोजा. भुवयांच्या थोडं वर, दोन्ही बाजूंच्या केसांच्या रेषेपर्यंत आडवं माप घ्या. मग दोन भुवयांच्या मधून सरळ वर केस सुरू होतात तिथपर्यंत उभं. तिसरं माप सगळ्यात कामाचं, पण बायका ते घेत नाहीत: दोन भुवयांच्या आतल्या टोकांमधलं अंतर.

आता टिकली किती मोठी. यासाठी माप तुमच्या चेहऱ्यावरच आहे, डोळ्यांतलं बुब्बुळ. मोठ्या माणसांत त्याची रुंदी जवळपास सारखीच असते, साधारण साडेअकरा-बारा मिलिमीटर. समोरचा माणूस आपल्या चेहऱ्यावर आधी डोळे शोधतो. त्यांच्या बरोबर वर, मधोमध, बुब्बुळाएवढा किंवा त्याहून मोठा गडद गोल बसवला की नजर डोळे सोडून तिकडे जाते आणि तिथून रिकाम्या कपाळावर पसरते. ‘लक्ष कपाळाकडेच जातं’ असं तुम्ही लिहिलंय, ते यामुळे. उलट तीन मिलिमीटरचा ठिपका मोठ्या मोकळ्या जागेत एकटा पडतो आणि त्याच्या बारीकपणामुळे भोवतीचं कपाळ आणखीच मोठं वाटतं. म्हणून रुंद कपाळाला माझं माप ठरलेलं आहे: टिकलीची रुंदी बुब्बुळाच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे पाच ते सात मिलिमीटर. उंची मात्र त्याच्या दुप्पट चालते.

एक उदाहरण सांगते. माझ्याकडे एक शिक्षिका यायच्या, चेहरा तुम्ही लिहिलाय तसाच. कपाळ आडवं टेपने 14 सेंटिमीटर, उभं साडेपाच, भुवयांमधलं अंतर तीन. म्हणजे कपाळ रुंद होतं, उंच नव्हतं. आधी 14 मिलिमीटरची मरून मखमली गोल टिकली लावून बघितली. चेहऱ्याचा वरचा भाग जड झाला आणि हनुवटी आणखी टोकदार दिसायला लागली. मग चेहरा लांब दिसावा म्हणून 20 मिलिमीटरची लांब, बारीक टिकली लावली. कागदावर हा उपाय बरोबर वाटतो, पण त्यांचं कपाळ उभं साडेपाचच सेंटिमीटर, त्यामुळे टिकलीचं वरचं टोक जवळजवळ कपाळाच्या मध्यावर गेलं. रुंद कपाळाचा सगळ्यात पसरट भाग तिथेच असतो, आणि ते टोक नजर नेमकी तिथेच घेऊन जात होतं.

शेवटी बसली ती थेंबाच्या आकाराची टिकली: 12 मिलिमीटर उंच, सहा रुंद, निमुळतं टोक वर आणि गोल भाग खाली. टोक वर ठेवायचं कारण असं की तुमच्यासारख्या चेहऱ्यात रुंदी वर असते आणि खाली येताना ती आवळत जाते. टोक खाली केलं तर टिकली चेहऱ्याचाच उतार पुन्हा दाखवते आणि हनुवटीचं टोक जास्त जाणवतं. टोक वर केलं की वजन खाली, डोळ्यांजवळ राहतं आणि वर जाताना आकार विरत जातो. जागाही तितकीच महत्त्वाची. टिकलीचा खालचा काठ भुवयांच्या खालच्या कडेच्या रेषेत आणला, म्हणजे अर्धीअधिक टिकली दोन भुवयांच्या मधेच बसली. तीच टिकली एक सेंटिमीटर वर सरकवली तेव्हा कपाळ पुन्हा पसरलं. बाईंनी स्वतःच आरशात बघून ती खाली घेतली.

कपाळ उंच असेल तर याच्या उलट करायचं. तिथे लांब किंवा थेंबाची टिकली उंची वाढवते. नऊ-दहा मिलिमीटरची साधी गोल टिकली घ्यावी आणि तिचा मध्य भुवयांच्या एक सेंटिमीटर वर ठेवावा, म्हणजे मोकळी जागा दोन भागांत विभागली जाते. कपाळ रुंदही असेल आणि उंचही, तर आठ मिलिमीटरची गोल टिकली, भुवयांना जवळजवळ टेकून. अशा चेहऱ्याला मधला भांग काढू नये. थोडा बाजूचा भांग काढून कानशिलावर केसांची एक हलकी बट सोडली तर टिकलीपेक्षा जास्त फरक पडतो.

भुवयांमधलं अंतर का मोजायला सांगितलं, तेही ऐका. थ्रेडिंगमध्ये भुवयांची आतली टोकं जास्त काढली गेली की हे अंतर साडेतीन सेंटिमीटरपर्यंत जातं आणि कोणतीही टिकली तरंगल्यासारखी दिसते. मग आपण टिकलीला दोष देत पाकिटावर पाकीट आणतो. तुमच्याकडे तसं असेल तर टिकली एखाद-दोन मिलिमीटर रुंद घ्या आणि पुढच्या वेळी पार्लरमध्ये आतल्या टोकांना हात लावू देऊ नका.

आता चंद्रकोर. घरचे म्हणतात ते अर्धं खरं आहे. पाकिटातल्या चंद्रकोरी बहुतेक पसरट असतात, दोन्ही टोकं आडवी लांब गेलेली, आणि रुंद कपाळावर आडवी रेघ म्हणजे रुंदीवर आणखी रुंदी. तुम्ही खोलगट कोर घ्या, टोकं बाजूला न जाता वर वळलेली. टोकापासून टोकापर्यंत दहा-अकरा मिलिमीटरच्या वर नको, आणि उंचीही साधारण तेवढीच हवी. कोरीच्या पोटाखाली एक बारीक ठिपका दिला की आकार उभा होतो आणि नजर खाली उतरते. ठिपका वर, दोन टोकांच्या मधे दिला तर तो नजर वर नेतो, म्हणून तुम्ही खालीच द्या. अशी कोर तयार मिळाली नाही तर ओल्या कुंकवाने बारीक ब्रशने काढावी. आधी ठिपका, मग त्याच्या वर कोरीचा सगळ्यात खालचा बिंदू, आणि तिथून एकेक टोक वर न्यायचं. टोकापासून सुरुवात केली की एक बाजू हमखास मोठी होते.

नऊवारीबरोबर नथ आणि खोपा असणारच. खोप्यासाठी केस चापून मागे घेतले की कपाळ आणखी उघडं पडतं, म्हणून पुढचे केस थोडे सैल ठेवायला सांगा. याच चेहऱ्याच्या नवरीला मी बिनधास्त जरा मोठी चंद्रकोर लावते, कारण तिच्या मुंडावळ्यांच्या लडी दोन्ही कानशिलांवरून खाली येतात आणि कपाळाच्या बाजू झाकतात. महालक्ष्म्यांना मुंडावळ्या पूजेतल्या ज्येष्ठा-कनिष्ठांना असतील, तुम्हाला नाही. त्यामुळे लग्नाच्या अल्बममधली मोठी कोर बघून तीच मागवू नका.

विकत घेण्याआधी घरी एक प्रयोग करा. ऑफिसातल्या पंचिंग मशीनमधून निघणारी कागदाची चकती साधारण सहा मिलिमीटरची असते. ती काजळाने काळी करा आणि मागे व्हॅसलिनचा ठिपका लावून कपाळावर चिकटवा. त्याच मापावरून कागदाचे थेंब आणि कोरी कापून बघता येतात. आरशापासून चार-पाच फूट लांब उभ्या राहा, डोळे क्षणभर मिटा आणि उघडा. पहिल्यांदा डोळे दिसले तर माप बरोबर, टिकली दिसली तर मोठी, आणि कपाळच दिसलं तर बारीक किंवा फार वर लावलेली. हातात फोन धरून काढलेल्या सेल्फीवर मात्र भरवसा नको. इतक्या जवळून कॅमेरा चेहऱ्याचा मधला भाग फुगवतो आणि फोन वर धरला असेल तर कपाळही मोठं दिसतं. कुणाला तरी पाच-सहा फुटांवरून, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून फोटो काढायला सांगा.

इथल्या बर्डीच्या किंवा इतवारीच्या बाजारात घ्यायला जाल तेव्हा छोटी पट्टी सोबत न्या. पाकिटावरचा नंबर एका कंपनीचा दुसरीशी जुळेलच असं नाही, आणि दुकानात मोठ्या टिकल्यांच्या शेजारी मांडलेली मधल्या मापाची टिकली आहे त्यापेक्षा बारीक वाटते.

महालक्ष्म्यांच्या दिवसांत आपल्याकडे उकाडा आणि दमटपणा दोन्ही असतात. स्वयंपाकघरात सोळा भाज्यांसमोर उभ्या राहिलात की टिकली दुपारपर्यंत दोन-तीन मिलिमीटर घसरते आणि सगळं माप बिघडतं. टिकलीच्या जागेवर क्रीम किंवा फाउंडेशन लावू नका. ओल्या कापसाने पुसून, कोरडी करून मगच चिकटवा. ओलं कुंकू असेल तर ते पूर्ण वाळल्यावर वरून अगदी थोडी पिंजर दाबा, म्हणजे ते पसरत नाही.

आणि हे मापाइतकंच मनापासून सांगते: रात्री टिकली काढून झोपा. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असतं, आणि त्यामुळे काही जणींच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो. आधी खाज किंवा लाली दिसली तर ती टिकली लगेच बंद करा, आणि रंग फिका वाटायला लागला तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. डाग झाकायला त्याहून मोठी टिकली लावणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. त्याने गोंद आणखी मोठ्या जागेवर लागतो. तोपर्यंत साधं, हळदीचं कुंकू बोटाने लावा. करंगळीच्या टोकाने लावलेला ठिपका तुमच्या कपाळाला पुरेसा होतो.