उशीर झाला, की केला?

प्रश्न : ‘एका ज्येष्ठ गृहस्थांना चाळीस पानांचा अनुवाद करून द्यायचा होता, तो तीन आठवडे उशिरा देतेय. त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही. ‘आपण दाखवलेल्या संयमाबद्दल धन्यवाद’ असं लिहिलं तर चालेल का? की ‘धीर’ किंवा ‘सबुरी’ म्हणावं?’

चालवणारे चालवतात, पण मला ते वाक्य ऐकवत नाही. फोनवर तासभर ताटकळत ठेवणारा मुद्रित आवाज दर दोन मिनिटांनी माझ्या संयमाचे आभार मानतो, आणि तेवढ्यानंच माझा संयम संपतो. संयम म्हणजे सम् आणि यम्, लगाम आवळून धरणं. मराठीत माणूस जिभेवर संयम ठेवतो, रागावर ठेवतो. संयम म्हणायचं तर आत काहीतरी उसळत असावं लागतं. म्हणजे तुमच्या वाक्याचा अर्थ असा होतो की, ‘चार शब्द सुनवावेत असं तुमच्या तोंडावर आलं होतं, ते तुम्ही गिळलंत, बरं केलंत.’ खरं असेलही. पण ते त्यांच्या तोंडावर आपण कशाला सांगायचं?

धीर संकटातल्या माणसाचा असतो. तो सुटतो, खचतो, दुसऱ्याला द्यावा लागतो. तुमच्या अनुवादाची वाट पाहणं हे संकट नव्हतं, निदान तशी आशा आहे. सबुरी फारसी म्हणून टाकू नका. पण मराठीत ती सल्ला म्हणून येते, ‘जरा सबुरीनं घ्या’. आणि उशीर करणाऱ्यानंच सबुरीचं नाव काढावं, हे जरा अतीच.

गंमत म्हणजे, तुम्ही ज्या शब्दाबद्दल काहीच विचारलं नाहीत तोच या प्रकरणातला खरा शब्द आहे : उशीर.

संस्कृत कोश उघडलात तर ‘उशीर’ म्हणजे वाळा, ते सुगंधी गवत. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात शकुंतलेचा दाह शमवायला वाळ्याचा लेप लावतात, तो हा उशीर. त्यावरून ‘वाळा उगाळत बसलं की वेळ जातो, म्हणून उशीर’ अशी व्युत्पत्ती मला एका विद्वानांनी गंभीरपणे ऐकवली आहे. पदवी मोठी होती, म्हणून मी गप्प बसलो. (तो मात्र संयम होता.) दोन शब्द सारखे दिसले की त्यांचं नातं लावून टाकायची ही खोड व्युत्पत्तीच्या प्रांतातली सगळ्यात जुनी साथ आहे.

आपला उशीर आला तो ‘उत्सूर’वरून. उत् म्हणजे वर, सूर म्हणजे सूर्य. प्राकृतात त्याचं उस्सूर झालं, मराठीत उशीर. ‘स’चा ‘श’ कसा, म्हणून विचाराल, तर पुढे इ-ई आली की मराठी तो करतेच. सीमेची शीव झाली, सीवनाचं शिवण झालं, तसंच हे. ‘ऊ’ची ‘ई’ झाली ही त्यातली कच्ची कडी आहे, असं आमचे वाळावाले म्हणतात. म्हणोत. वाळ्यापासून वेळेपर्यंत उडी मारणाऱ्यांनी माझी एक मात्रा मोजावी, हे मजेशीर आहे.

पण खरी मौज पाली भाषेत आहे. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या सिगालोवाद सुत्तात माणसाला धुळीला मिळवणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्यातली पहिलीच आहे ‘उस्सूरसेय्या’. सेय्या म्हणजे शय्या, निजणं. सूर्य वर आल्यावरही अंथरुणात लोळत पडणं. लगेच शेजारी दुसरी गोष्ट येते ती परस्त्रीगमनाची, म्हणजे उशिरा उठणं कोणत्या रांगेत बसवलं आहे ते बघा! मला हा जोडशब्द फार आवडतो, कारण त्यात उशिराच्या दोन्ही बाजू आहेत. उस्सूर आपोआप घडतो, सूर्याला कोणी उगवायला लावत नाही. सेय्या मात्र माणसाची स्वतःची.

मराठीनं यातला उस्सूर तेवढा ठेवला आणि सेय्या सोडून दिली. म्हणूनच आपण इतक्या निर्धास्तपणे ‘उशीर झाला’ म्हणतो. जसा दिवस उजाडला, तसा उशीर झाला. ‘मला उशीर झाला’ यातला ‘मला’ बघा : थंडी वाजते मला, ताप आला मला, उशीर झाला मला. मी जणू उशिराचा रुग्ण! आणखीही सोयी आहेत. काम लांबलं, राहून गेलं, मागे पडलं, तुमचा खोळंबा झाला. या सगळ्यात काम स्वतःच्या पायांनी चालत लांब गेल्यासारखं वाटतं. पाऊस पडला, गाडी चुकली, आजारपण आलं, तर ‘झाला’ हेच खरं आहे. पण मराठीत प्रत्येकाला जोडीदार आहे : लांबवलं, ठेवून दिलं, मागे टाकलं, तुम्हाला खोळंबून ठेवलं, उशीर केला. तुमच्या बाबतीत काय घडलं ते तुम्हालाच ठाऊक, पण चाळीस पानांचं तीन आठवडे लांबणं सहसा स्वतःहून होत नाही.

तर ‘धन्यवाद कशाबद्दल’ याच्या आधी ‘उशीर कोणी केला’ हे लिहा. तेवढं क्रियापद बदललं की पुढचं वाक्य आपोआप मराठीत येतं, कारण मग दुसऱ्याच्या स्वभावातला गुण शोधायची गरज उरत नाही. त्यांनी काय केलं, एवढंच सांगायचं असतं. मी असं लिहीन :

‘अनुवाद सोबत जोडला आहे. तो तीन आठवड्यांपूर्वी द्यायचा होता. उशीर मी केला. मधली दुसरी कामं आधी हातात घेतली. या काळात तुम्ही एकदाही तगादा लावला नाहीत आणि काम दुसऱ्याकडेही दिलं नाहीत, याबद्दल तुमची आभारी आहे.’

यात संयम नाही, धीर नाही, पण तगादा न लावणं आहे, आणि ते त्यांनी खरोखर केलेलं आहे. दुसरं कारण असेल तर ते लिहा. कारण एकच द्या. तीन दिलीत की तिन्ही खोटी वाटतात. आणि ‘समजून घेतल्याबद्दल धन्यवाद’ हे शेपूट जोडू नका. त्यांनी अजून पत्र वाचलेलंही नाही, समजून घेतील की नाही ते त्यांना ठरवू द्या. ‘आभार देते’ असंही नको. धन्यवाद देतात, आभार मानतात.

शेवटी ‘क्षमस्व’ लिहायचा मोह होईल, सगळ्यांना होतो. हा संस्कृतातला आज्ञार्थ आहे, मध्यमपुरुषी एकवचन, ‘तू क्षमा कर’. देवापुढे ठीक आहे, पण ज्येष्ठ गृहस्थांना ‘तू’? मराठीत आता तो नुसता पाटीवरचा शब्द झाला आहे म्हणून कोणी रागावत नाही, हे मान्य. तरी ‘क्षमा असावी’ लिहा. क्षम् धातूचा मूळ अर्थ सोसणं असा आहे, पृथ्वीलाही संस्कृतात क्षमा म्हणतात ते ती सगळं सोसते म्हणून. तुम्हाला ज्याच्यासाठी शब्द हवा होता, तो तिथे आधीच बसलेला आहे.