मुलाखतीनंतरचा आभाराचा मेल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वाळूजच्या कंपनीला पाठवायच्या मेलचा तुझा मसुदा वाचला. तो तसा पाठवू नकोस. डिप्लोमाचे टक्के, प्रोजेक्ट, ट्रेनिंग हे सगळं त्यांच्यासमोरच्या बायोडाटात आहेच. हा मेल तुला मुलाखतीच्या आदल्या दिवशीही लिहिता आला असता, आणि तीच त्याची खोट आहे.

फोनवर तू जे सांगितलंस ते मसुद्यात कुठेच नाही. क्वालिटीच्या साहेबांनी विचारलं होतं ना, की बोअरिंगचा इन्सर्ट बदलला की पुढचे काही पीस मापाबाहेर जातात, रात्रपाळीत जास्त, तर काय करशील? तू म्हणालास, पहिला पीस तपासेन. उत्तर चुकलं नाही, पण अर्धं राहिलं. रात्री जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबून थंड होतं आणि परत सुरू केल्यावर तापेपर्यंत माप सरकत राहतं. दोष इन्सर्टचा की थंड मशीनचा, हे कळण्याआधीच ऑफसेट बदलला, तर मशीन तापल्यावर माप दुसऱ्या बाजूला जाईल. हे तुला घरी आल्यावर सुचलं, तर तेच लिही. मेल इंग्रजीतच जाईल, पण आशय असा ठेव:

"साहेब, आज वेळ दिल्याबद्दल मनापासून आभार. इन्सर्ट बदलल्यानंतरच्या रिजेक्शनवर मी फक्त पहिला पीस तपासायचं म्हणालो होतो. नंतर वाटलं, पहिला, तिसरा आणि पाचवा पीस मोजून मापं लिहावीत, आणि इन्सर्ट न बदलता नुसतं थांबून सुरू केलेल्या मशीनचीही तशीच नोंद ठेवावी. म्हणजे कारण वेगळं काढता येईल. आपल्याकडे हे आधीच होत असेलही. रात्रपाळीत मशीनजवळ उभं राहून ही नोंद घ्यायला मला आवडेल."

यात तुझ्या गुणांचं एकही विशेषण नाही. तरी प्रश्न नीट ऐकणारा, नोंदीवरून कारण शोधणारा आणि रात्रपाळीला तयार असलेला माणूस त्यांना दिसतो. त्यांना हवाही तसाच आहे. "आधीच होत असेलही" हे वाक्य मात्र गाळू नकोस. तासाभराच्या ओळखीवर त्यांचा कारखाना दुरुस्त करायला निघाल्यासारखं वाटू नये. रात्रपाळीचंही खरंच जमणार असेल तरच लिही.

आज रात्री किंवा फार तर उद्या दुपारपर्यंत पाठव. एचआरच्या मॅडमना वेगळा, दोन ओळींचा मेल कर. बोअरचं माप त्यांच्या कामाचं नाही, रुजू कधी होऊ शकतोस हे त्यांनी विचारलं होतं, तेवढं सांग. पगाराचा विषय दोन्हीत नको, बायोडाटाही परत जोडू नकोस. मुलाखत पार फसली असती तर या मेलने ती सावरली नसती, पण तुझ्यासारखेच दोघे-तिघे उरले असतील तर साहेबांना तुझं नाव या प्रश्नासकट आठवेल.

नवा मसुदा झाला की आधी मला पाठव. साहेबांच्या नावाचं स्पेलिंग व्हिजिटिंग कार्डावर बघून घे.

तुझा,
काका