नाव ज्ञानदा, पण ऑफिसात डायना

प्रश्न: ताई, मी इंदूरची. घरी मराठी, ऑफिसात सगळे हिंदी बोलणारे. नोकरीला तीन आठवडे झाले. कुणी मला ग्यानदा म्हणतं, कुणी डन्यानदा. परवा मॅनेजर हसत म्हणाले, "तुम्हें डायना ही बुलाते हैं." घरी मला ज्ञानू म्हणतात. दर वेळी टोकलं तर आगाऊ दिसेन का?

उत्तर: ज्ञानदा, 'ग्यानदा' म्हणणारा तुझं नाव बिघडवत नाही. हिंदीत 'ज्ञ' हा 'ग्य' असाच उच्चारतात, विज्ञानाचंही ते 'विग्यान' करतात. 'डन्यानदा' होतं ते स्क्रीनवरच्या Dnyanada मुळे. 'ज्ञ'साठी Dny लिहायची रीत आपली मराठी माणसांची. हिंदीवाल्याला Gyan ओळखीचं असतं, Dny समोर आलं की तो अडतो.

म्हणून तुला नक्की काय चालेल, ते आधी घरी बसून ठरव. 'ग्यानदा' खटकत नसेल तर ते सोडून दे, माझी हरकत नाही. खटकत असेल तर एकच उच्चार सगळ्यांना सांग. आज ज्ञानदा, उद्या "ज्ञानू भी चलेगा" असं केलंस की लोक सोपं तेच धरतात आणि घरचं नाव कायमचं ऑफिसात जातं.

सांगताना व्याकरण नको, ओळखीच्या शब्दाचा आधार दे: "द, फिर न्याय वाला न्या, फिर नदा. दन्यानदा." अगदी 'द्न्या' नाही झालं तरी 'दन्या' आलं की पुरे, तेवढी सूट दे. लिंक्डइनच्या मोबाइल ॲपवर दहा सेकंदांपर्यंत आपल्या नावाचा उच्चार रेकॉर्ड करून ठेवता येतो, तोही ठेव. स्पेलिंगला मात्र हात लावू नकोस. आधार, पॅन आणि पीएफवर नाव एकसारखं नसलं की पैसे काढताना अडकतं.

पुन्हा चुकलं तर त्याच क्षणी फक्त "दन्यानदा" म्हण आणि लगेच कामाचं पुढचं वाक्य बोल. "कोई बात नहीं"ची भर नको, त्यानेच अवघडलेपण वाढतं. एखादा सहकारी नाव टाळून "वो नई वाली मैडम" म्हणू लागला, तर तो बहुधा बेपर्वा नसतो, चुकायला घाबरत असतो. त्याला चहाच्या वेळी एकदा म्हणवून घे.

मॅनेजरांचं वेगळं. डायना हा उच्चार नव्हे, दुसरंच नाव आहे, आणि त्यांनी क्लायंटला तशीच ओळख करून दिली की ते ईमेलांतून पसरेल. पुढच्या मीटिंगच्या आधी त्यांना एकटं गाठ: "सर, एक मिनट. मुझे दन्यानदा ही कहिए, डायना नहीं. क्लायंट को अपना परिचय मैं खुद दे दूँगी." इतकंच, हसून, पण "प्लीज बुरा मत मानिएगा" न जोडता. मीटिंगमध्ये ते विसरले तर सगळ्यांसमोर त्यांना दुरुस्त करू नकोस; तुझी बोलायची पाळी आली की "मैं दन्यानदा" म्हणून सुरुवात कर. तरीही आठवडाभर डायनाच चाललं, तर मला पुन्हा लिही. मग एचआरशी काय आणि कसं बोलायचं ते पाहू.