परदेशी रुग्णालयाला पैसे पाठवताना कोणती कागदपत्रं लागतात?

"भावाच्या ऑपरेशनसाठी परदेशातल्या रुग्णालयाला पैसे पाठवायचेत. बँक काय काय मागेल?"

आधी रुग्णालयाकडून लेटरहेडवर खर्चाचा अंदाज मागवा. त्यावर पासपोर्टप्रमाणे भावाचं नाव, पेशंट नंबर, रुग्णालयाचा खाते क्रमांक आणि त्यांच्या बँकेची ओळख सांगणारा स्विफ्ट कोड हवा. सोबत तुमचं ओळखपत्र, नात्याचा पुरावा आणि रक्कम मोठी असेल तर पैसे कुठून आले याचा कागद ठेवा. पैसे भावाच्या खात्यावर न टाकता थेट रुग्णालयाला पाठवा, म्हणजे पैसे कशासाठी पाठवले हे दाखवणं सोपं जातं.

फॉर्मवर शुल्काचा पर्याय नीट पाहा. SHA, म्हणजे शुल्क दोन्ही बाजूंनी वाटून घ्यायचा पर्याय, निवडलात तर पैसे पुढे पोहोचवणारी मधली बँक आपलं शुल्क त्याच रकमेतून कापू शकते. 8,000 डॉलर पाठवूनही थोडे कमी पोहोचतात आणि बिल अपुरं दिसतं. म्हणून OUR, म्हणजे सगळं शुल्क पाठवणाऱ्याने भरायचा पर्याय, निवडा. संदर्भाच्या रकान्यात पेशंट नंबर लिहाच, नाहीतर जमा झालेले पैसे कुणाचे हे रुग्णालयाला कळत नाही. पैसे गेल्यावर बँकेकडून पैसे पाठवल्याच्या स्विफ्ट संदेशाची प्रत घेऊन रुग्णालयाला ईमेल करा.